बूट रुतणारा की चिकटणारा?

मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्यातून हरिश्चंद्रगडाची नळीची वाट धरली की एका दिवसात सह्याद्रीतली जवळपास सगळी जमीन पायाखालून जाते. सुरुवातीला शेताचे बांध आणि झाडीतली मळलेली पायवाट. मग ओढ्याचं कोरडं पात्र, त्यात फुटबॉलएवढ्या गोट्यांपासून खोलीएवढ्या धोंड्यांपर्यंत सगळं. पुढे कोकणकड्याच्या कुशीतली अरुंद नाळ, तिच्यात दोन्ही हात लावून चढायचे कातळटप्पे, वरच्या अंगाला घसाऱ्याचा ट्रॅव्हर्स आणि शेवटी कोकणकड्याचं पठार. कुठले बूट घालू, असं या वाटेबद्दल कुणी विचारलं की अनुभवी मंडळींचे सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो, घोटा झाकणारे दणकट हायकिंग बूट घाल. दुसरा म्हणतो, ते घरी ठेव, अ‍ॅप्रोच शूज घे. गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वाटेचे वेगळे तुकडे असतात.

हायकिंग बूट सगळ्यांनी पाहिलेले आहेत. जाड सोल, त्याला चार-पाच मिलिमीटर खोल दात, टाचेपाशी एक खाच, घोट्याच्या वर येणारी कॉलर आणि आत पाऊल वाकू न देणारी कडक पट्टी. अ‍ॅप्रोच शू मात्र आपल्याकडे अजून नवखा आहे. कड्याच्या पायथ्यापर्यंत चालत जायचं आणि चढाई सोपी असेल तर त्याच बुटांनी वर जायचं, यासाठी तो बनला. लांबून साध्या स्पोर्ट्स शूसारखा दिसतो, पण उलटा करून पाहिला की फरक कळतो. सोलवर खोल दातांऐवजी उथळ, गोल ठिपके असतात. अंगठ्याखाली आणि त्याच्या आतल्या कडेला रबर जवळजवळ सपाट ठेवलेलं असतं. पुढच्या बाजूला रबराची पट्टी वर चढवलेली असते, म्हणजे फटीत पाऊल घातलं तर कापड फाटत नाही. लेस थेट बोटांपर्यंत उतरते, त्यामुळे चढाईआधी पाऊल आवळून बांधता येतं. आणि रबर असतं मऊ, नखाने दाबलं तर जाणवण्याइतकं.

हे मऊ रबर काय करतं ते समजलं की बाकीचा वाद निम्मा संपतो. बसाल्टचा कातळ हाताला गुळगुळीत वाटला तरी बारकाईने पाहिलं तर तो खडबडीत असतो. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं त्यात कित्येक ठिकाणी दिसतात. मऊ रबरावर आपलं वजन पडलं की ते या बारीक खाचाखोचांत शिरतं आणि कातळाला धरून बसतं. जितकं जास्त रबर कातळाला टेकेल आणि जितकं ते दगडाच्या आकारात बसेल तितकी पकड चांगली. म्हणून अंगठ्याखालचा भाग सपाट ठेवतात. आता त्याच जागी हायकिंग बूट ठेवा. दातांमुळे कातळाला टेकणारं रबर मुळातच कमी. पावठी दोन बोटं रुंद असेल तर सगळा भार एखाद-दुसऱ्या दातावर येतो, तो दात भाराखाली कलतो आणि पाऊल किंचित गोल फिरल्यासारखं होतं. खाली पन्नास फूट मोकळी हवा असताना ते ‘किंचित’ पुरेसं असतं.

हायकिंग बुटाची खरी ताकद वेगळी आहे. तो रुततो. माती, मुरूम, गवताचा उतार, शेणखतासारखी भुसभुशीत जमीन, जिथे जिथे जमीन पावलाखाली दबते तिथे त्याचे दात आत शिरतात आणि त्याची कडक कड उतारात पायरी कापते. अ‍ॅप्रोच शूचे ठिपके अशा जमिनीत काही सेकंदांत भरून जातात आणि उरतो एक सपाट, मातीने लिंपलेला तळवा. तेव्हा बूट निवडताना गडाचं नाव किंवा वाटेची श्रेणी पाहण्यापेक्षा एकच पाहावं: पायाखालची जमीन दबणारी आहे की न दबणारी?

हा प्रश्न गिर्यारोहणाइतकाच जुना आहे. 1930 च्या दशकापर्यंत आल्प्समध्ये लोक खिळे ठोकलेले जड बूट घालून कड्यापर्यंत जात. खडकावर खिळे घसरतात म्हणून पायथ्याशी ते काढून ठेवत आणि हलके, पातळ तळाचे जोडे घालून चढत. 1935 साली इटलीतल्या पुंता रासिका शिखरावर एक तुकडी अशाच हलक्या जोड्यांत असताना वादळात सापडली आणि सहा जण थंडीने गेले. त्या मोहिमेत असलेल्या मिलानच्या वितालो ब्रामानी यांनी त्यानंतर एकच सोल खडक आणि बर्फ दोन्हींवर चालावा म्हणून रबराचा खोल दातांचा सोल तयार केला. 1937 साली आलेला हा सोल म्हणजे विब्रम. 1954 मध्ये के-टू पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांनाही हाच सोल होता. आज बाजारातल्या बहुतेक हायकिंग बुटांचा तळ त्याच घराण्यातला आहे. पुढे 1985 साली कॅलिफोर्नियात चार्ल्स कोल यांनी फाइव्ह टेन ही कंपनी काढली आणि कातळचढाईच्या बुटांतलं चिकट रबर चालायच्या बुटाच्या तळाला लावलं. म्हणजे ब्रामानींनी दोन जोडांचा एक जोड केला आणि पन्नास वर्षांनी कोल यांनी त्यातून पुन्हा दुसरा वेगळा काढला. एका तळात दोन्ही गुण पूर्ण उतरत नाहीत, हे त्यातून दिसतं.

आता पुन्हा नळीच्या वाटेवर येऊ. डिसेंबर धरा, हवा कोरडी आहे आणि पाठीवर पाणी-डबा एवढीच लहान सॅक आहे.

ओढ्याच्या पात्रात उड्या मारत जाताना दोन्ही बूट चालतात, पण वेगळ्या तऱ्हेने. धोंडा पक्का असेल तर अ‍ॅप्रोच शू त्यावर अगदी निर्धास्त उभा राहतो, तिरक्या पृष्ठभागावरही. शिवाय पातळ तळामुळे दगड हलतोय का, हे पाय टेकवतानाच कळतं आणि पूर्ण भार टाकण्याआधी पाऊल मागे घेता येतं. जाड सोलच्या बुटात ही खबर उशिरा लागते. याउलट टोकदार दगडांवरून दोन-तीन तास चालल्यावर अ‍ॅप्रोच शूमधले तळवे दुखायला लागतात आणि कडक तळाच्या बुटातले शाबूत राहतात. ज्याला धोंड्यांची सवय नाही त्याला हा त्रास पहिल्याच दिवशी जाणवतो.

कातळटप्पा आला की पारडं पूर्ण झुकतं. इथे दोन प्रकारे उभं राहावं लागतं. एक, पावठीच्या कडेवर अंगठ्याची आतली बाजू ठेवून. दुसरं, जिथे पावठीच नाही तिथे तिरक्या कातळावर तळवा सपाट दाबून केवळ घर्षणाच्या भरवशावर. दुसऱ्या प्रकारात टाच खाली सोडावी लागते, म्हणजे जास्त रबर कातळाला टेकतं. हायकिंग बुटाची उंच कॉलर इथे आडवी येते, घोटा पुरेसा वाकत नाही, टाच वर राहते आणि सगळा भार पुढच्या चार दातांवर जातो. मग चढणारा घाबरून कातळाला छातीने बिलगतो. त्याने पाऊल आणखी सुटतं, कारण अंग आत गेलं की पावलावरचा दाब बाहेरच्या दिशेने जातो. टप्प्यावर थरथरणारे पाय पाहिले की लोक ‘भीती’ म्हणतात. त्यातली बरीचशी भीती बुटातून वर आलेली असते, असं मला वाटतं.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. बर्फाळ डोंगरांसाठीचे, तळ अजिबात न वाकणारे जड बूट लहान पावठीच्या कडेवर छान उभे राहतात. पण आपण दुकानातून ट्रेकसाठी घेतो ते बूट तेवढे कडक नसतात. ते मधल्यामध्ये अडकतात, कडेवर उभं राहायला मऊ आणि घर्षणाला कडक.

कातळटप्प्याआधी आणखी एक गोष्ट करायची असते आणि ती फार थोडे जण करतात. तळवे पुसायचे. नाळेतल्या धुळीचा थर सोलवर बसला की चिकट रबर आणि साधं रबर यांत काही फरक राहत नाही, कारण कातळाला धूळ टेकते, रबर टेकतच नाही. पहिल्या पावठीवर पाय ठेवण्याआधी एका बुटाचा तळ दुसऱ्या पायाच्या पोटरीवर पँटला घासायचा. पँट मळते, पण त्याला इलाज नाही.

मग येतो घसारा, आणि इथे नुसतं ‘घसाऱ्यावर हायकिंग बूट’ म्हणून भागत नाही. घसारा दोन प्रकारचा असतो. एक खोल घसारा, जिथे पाऊल चार-सहा इंच आत जातं. तिथे हायकिंग बुटाची कडक कड उतारात मारायची, पायरी करायची आणि तिच्यावर उभं राहायचं. उतरताना टाच मारायची. अ‍ॅप्रोच शूची मऊ कड तिथे दुमडते आणि टाचेला खाच उथळ असल्याने ब्रेक लागत नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा. खाली घट्ट कातळ आणि वर बोटभर जाडीचा बारीक मुरूम. फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसं इथे होतं आणि कुठलाच बूट तुम्हाला वाचवत नाही. इथे दात रुतायला जागाच नसते. म्हणून पावलाने मुरूम बाजूला सारून खालचा कातळ मोकळा करायचा आणि मग त्यावर पाय ठेवायचा. कातळ एकदा मोकळा झाला की अ‍ॅप्रोच शू पुन्हा वरचढ ठरतो. ट्रॅव्हर्सवर पुढचा माणूस दर पावलाला थांबून पायाने काहीतरी खरवडताना दिसला तर त्याला घाई करू नका.

हायकिंग बुटाच्या बाजूने सगळ्यात ठामपणे सांगितलं जातं ते घोट्याच्या आधाराबद्दल. या आधाराबद्दल खात्रीने बोलणारे दुकानदार मला नेहमीच संशयास्पद वाटतात. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बास्केटबॉल खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलांना उंच आणि बुटक्या कॉलरचे बूट देऊन पाहिलं होतं. घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात त्या दोहोंत ठळक फरक आढळला नाही. मैदान आणि डोंगर एक नाहीत, हे खरं. पण कापड-चामड्याची कॉलर तुमचं सगळं वजन तिरकं होताना अडवू शकेल, ही अपेक्षाच जरा जास्त आहे. घोटा सांभाळतात ते त्याच्या भोवतीचे स्नायू आणि पाऊल नीट टेकवण्याची सवय. कॉलरचा निर्विवाद उपयोग वेगळा आहे. दगड घोट्याच्या हाडावर आपटत नाही, काटेकुटे आणि खडे आत येत नाहीत. ज्याचा घोटा आधीच एकदा मुरगळलेला आहे त्याला तिचा धीरही वाटतो, आणि धीर ही काही फालतू गोष्ट नाही.

वजनाचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. अ‍ॅप्रोच शूजचा जोड साधारण सातशे ते नऊशे ग्रॅमचा, घोट्यावरच्या हायकिंग बुटांचा अकराशे ते पंधराशे. फरक अर्ध्या किलोचा, पण पायातलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं आणि पुढे फेकावं लागतं. अमेरिकी लष्करासाठी झालेल्या मोजमापांत पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच-सहा किलोंइतकी दमछाक करतं असं दिसलं. म्हणजे तो अर्धा किलो सॅकमधल्या अडीच-तीन लिटर पाण्याच्या बरोबरीचा झाला. नळीच्या वाटेसारख्या लांब चढाईत थकलेलं पाऊल नीट उचललं जात नाही, आणि ठेच लागते ती तेव्हाच.

हाच हिशेब पाठीवर तंबू, स्लीपिंग बॅग आणि दोन दिवसांचा शिधा आला की बदलतो. बारा-चौदा किलोंची सॅक घेऊन उतरताना मऊ तळाच्या बुटात पाऊल प्रत्येक दगडावर वेगळं वाकतं आणि संध्याकाळपर्यंत तळव्याची कमान ठणकू लागते. तिथे कडक सोल खरंच उपयोगी पडतो. कोकणकड्यावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी साधले घाटाने खाली यायचं असेल आणि पाय फारसे तयार नसतील तर मी हायकिंग बूट सुचवेन आणि कातळटप्प्यांवर दोर लावायला सांगेन. एका दिवसाची, हलक्या सॅकची चढाई असेल तर अ‍ॅप्रोच शूज, फारसा विचार न करता. मात्र बूट कुठलाही असो, दोराची गरज बुटाने कमी होत नाही. नवख्याला टप्प्यावर दोर लागतोच.

हे सगळं कोरड्या दिवसांचं झालं. जून ते सप्टेंबर हा वाद बहुतेक निरर्थक होतो. पावसाळ्यात कातळावर शेवाळाचा बुळबुळीत थर बसतो आणि रबर त्या थरावरून सरकतं. मऊ रबर, कडक रबर, सगळं सारखंच. कातळ नुसताच ओला असेल तर मऊ रबराची पकड बरीच टिकते. हिरवा किंवा काळपट चकाकणारा असेल तर त्यावर भरवसा ठेवायचा नाही, कडेच्या खडबडीत किंवा पाणी न वाहणाऱ्या भागात पाऊल शोधायचं. वॉटरप्रूफ बुटांचा मोहही आपल्या पावसात टाळावा. त्यांचं अस्तर थंड प्रदेशातल्या दवासाठी आणि विरघळत्या बर्फासाठी ठीक आहे. इथे गुडघाभर ओढा ओलांडला की पाणी कॉलरवरून आत जातं आणि तेच अस्तर त्याला बाहेर येऊ देत नाही. जाळीचा बूट भिजतो, पण तासा-दीड तासात निथळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिसरीच अडचण येते. पिवळं पडलेलं लांब गवत उताराच्या दिशेला झोपतं आणि त्यावर ठिपक्यांचा सोल अक्षरशः घसरगुंडी करतो. गवताळ सोंडेवरून उतरायचं असेल तर त्या दोन महिन्यांत दातांचा सोलच हवा.

पावसाळ्याचा बुटांवरचा आणखी एक परिणाम कपाटात होतो. अनेक हायकिंग बुटांच्या सोलमधला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने हा पदार्थ हळूहळू तुटत जातो, बूट वापरला नाही तरी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत खोक्यात जपून ठेवलेला, जेमतेम वापरलेला बूट चार-पाच वर्षांनी बाहेर काढावा आणि दुसऱ्या तासाला त्याचा अख्खा सोल जिभेसारखा लोंबू लागावा, हे ट्रेकवर नेहमी दिसणारं दृश्य आहे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात मधला थर अंगठ्याने जोरात दाबून पाहावा. बारीक भेगा दिसल्या, भुगा पडला किंवा चिकट लागलं तर तो बूट डोंगरावर नेऊ नये. अ‍ॅप्रोच शूजमध्ये बहुधा ईव्हीए नावाचा फोम असतो. तो असा कुजत नाही, नुसता दबून चपटा होत जातो. पण गोंद दोन्हींचा सुटू शकतो, म्हणून सॅकमध्ये थोडी चिकटपट्टी आणि दोन मीटर सुतळी असावी.

विकत घेताना संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि डोंगरावरही सुजतातच. अ‍ॅप्रोच शू बोटांशी जवळ बसला पाहिजे, पण उतारावर उभं राहून पाऊल पुढे ढकललं तर नख टोकाला टेकता कामा नये. टेकत असेल तर गडावरून उतरेपर्यंत अंगठ्याचं नख काळं झालेलं असेल. हायकिंग बूट याहून अर्धा नंबर मोकळा चालतो, जाड मोज्यांसाठी. लेस चढताना बोटांपाशी घट्ट आणि घोट्यापाशी सैल ठेवावी, उतरायला लागण्याआधी उलट करावी. एवढ्या एका बदलाने स्वस्त बूटही बरा वागतो.

चिकट रबर लवकर झिजतं, हे अ‍ॅप्रोच शूचं दुखणं आहे. हे बूट घालून रोज ऑफिसला किंवा टेकडीच्या डांबरी रस्त्यावर फिरायला गेलात तर काही महिन्यांत अंगठ्याखालचं रबर गेलंच म्हणून समजा, आणि तोच तर त्याचा कामाचा भाग. मोसमाच्या सुरुवातीला तिथे बोट फिरवून पाहावं. ठिपके मिटलेले नसले पण रबर चकचकीत आणि कडक लागत असेल तर बारीक सँडपेपरने वरचा थर हलकेच घासला की खालचं ताजं रबर वर येतं. ठिपके मिटून आतला वेगळ्या रंगाचा थर दिसू लागला असेल तर बूट चालायला ठेवावा, कातळाला नाही.